प्रभागाचा पदभार सोडताना लिहिलेली टिपणी

बदलीचा आदेश निघाला की पालिकेत प्रलंबित फाइलींची यादी तयार होते. आवक क्रमांक, तारीख, अर्जदाराचं नाव आणि विषय असे तिचे चार रकाने असतात. यादी खरी असते आणि पूर्णही असते, पण ती वाचून नव्या अधिकाऱ्याला उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. 'अनधिकृत बांधकामाबाबत तक्रार' असा एकच विषय असलेल्या पाच फाइली त्यात असतील, तर एकीत परवा सुनावणी असते, एकीत न्यायालयाचा जैसे थे आदेश असतो आणि एकीतला तक्रारदार केव्हाच तडजोड करून मोकळा झालेला असतो. यादीत त्या सगळ्या सारख्याच दिसतात.

म्हणून गोव्यात बार्देशातल्या एका पालिकेतला प्रभाग सोडताना मी यादीबरोबर स्वतंत्र टिपणी लिहिली. प्रत्येक फाइलीला चार गोष्टी: शेवटची कृती कोणती आणि कधी झाली, पुढची तारीख कोणती, फाइल आत्ता कुणाच्या टेबलावर आहे, आणि या फाइलीत काय करू नये. चौथी ओळ कुठल्याच छापील नमुन्यात नसते. पण जाणाऱ्या माणसाला ठाऊक असतं आणि येणाऱ्याला फाइल चाळून सापडत नाही, ते त्या ओळीतच असतं.

क्रम आवक तारखेचा ठेवला नाही, पुढच्या मुदतीचा ठेवला. त्यामुळे माहिती अधिकाराचे अर्ज आपोआप वर आले. त्यांची ३० दिवसांची मुदत अधिकारी बदलला म्हणून थांबत नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही: जन माहिती अधिकाऱ्याने ज्याच्याकडून माहिती मागवली, तोही कलम ५(५) प्रमाणे त्या अर्जापुरता माहिती अधिकारी धरला जातो. म्हणजे दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये, हा दंड मागणीपत्र टेबलावर पडून राहिलेल्या प्रभाग अधिकाऱ्यालाही लागू शकतो. अर्जातली माहिती दुसऱ्या खात्याची असेल तर तो ५ दिवसांत तिकडे वर्ग करावा लागतो. असे अर्ज तर मी पदभार देण्याआधीच पाठवून टाकले आणि टिपणीत फक्त जावक क्रमांक लिहिला.

सगळ्यात जास्त जागा एका फाइलीने घेतली, आणि ती द्यावीच लागली. ओळख पटू नये म्हणून इथे तिचे तपशील थोडे बदलले आहेत, पण गुंता तोच आहे. जुनं कौलारू घर, चिऱ्याच्या भिंती, पावसात मागची भिंत कोसळलेली. घरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारं कुटुंब म्हणतं, आम्ही मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे, भिंत परत उभी करतोय. जमिनीचा मालक, म्हणजे भाटकार, म्हणतो, दुरुस्तीच्या नावाखाली नवं घर चाललंय. फाइलीत तक्रार, पाहणी अहवाल, पालिका कायद्याच्या कलम १८४ खालची काम थांबवा नोटीस, तिला आलेलं उत्तर, मामलेदारांपुढच्या मुंडकार अर्जाची प्रत आणि दिवाणी न्यायालयाचा एक आदेश, असे सगळे कागद होते. पण कुठला कागद कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो, हे फाइल सांगत नव्हती.

टिपणीत मी पहिल्यांदा मोजमाप वेगळं काढलं. सर्व्हे नकाशावर या घराचा आकार आहे ९.२० बाय ६.४० मीटर, म्हणजे ५८.८८ चौरस मीटर. जागेवर मूळ जोतं तेवढंच भरतं, चार-पाच सेंटिमीटरचा फरक सोडून. मागच्या बाजूला मात्र पूर्ण रुंदीभर २.१० मीटर पुढे सरकलेलं नवं जोतं आहे, म्हणजे १३.४४ चौरस मीटर जादा. शिवाय मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चिऱ्याचे तीन थर नवे चढले आहेत. दगडांमधल्या सांध्यांच्या दर्जा धरून तीन थरांची उंची साधारण ५७ सेंटिमीटर होते.

नवे थर ओळखायचे कसे, हे मुद्दाम लिहिलं, कारण गिलावा झाल्यावर ते दिसणार नाहीत. जुना चिरा हाताने तासलेला असतो. त्यावर हत्याराचे तिरके, कमीजास्त खोल घाव दिसतात, कडा घासलेल्या असतात, दर्जेत माती किंवा चुना असतो आणि पावसाने दगड काळा पडलेला असतो. नवा चिरा खाणीत यंत्राने कापलेला असतो. त्यावर पात्याच्या एकसारख्या रेघा असतात, कडा धारदार असतात आणि दर्जेत सिमेंट असतं. घराच्या डाव्या कोपऱ्यात जमिनीपासून अकरा थर काळे आणि त्यावर तीन लाल, असा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. तिथे पट्टी उभी धरून फोटो काढले, मागे तारीख घालून दोन्ही पक्षांच्या सह्या मागितल्या. एका पक्षाने सही नाकारली, तर तेही अहवालात लिहिलं आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.

याचा उपयोग असा की 'अनधिकृत बांधकाम' हा एक शब्द फुटून तीन वेगळ्या बाबी होतात. जुन्या जोत्यावर परत उभी केलेली भिंत ही एक. वाढलेली उंची ही दुसरी. जोत्याबाहेरचं बांधकाम ही तिसरी. मुंडकार कायदा, १९७५ हा घरात राहणाऱ्याला डागडुजीसाठी संरक्षण देतो, पण जोतं वाढवायला मोकळीक देत नाही. तिन्ही बाबी एकाच आदेशात कोंबून 'संपूर्ण बांधकाम पाडा' असं लिहिलं, तर अपिलात पहिल्या बाबीवर बोट ठेवलं जातं आणि तिसरीही तिच्याबरोबर वाचते. भाटकाराची तक्रार तिसऱ्या बाबीपुरती खरी आहे, कुटुंबाचं म्हणणं पहिलीपुरतं खरं आहे. टिपणीत मी हे असंच लिहिलं.

मग भाषेचा प्रश्न. ते कुटुंब मुंडकार आहे की नाही, हे मामलेदार ठरवतात, पालिका नाही. तो अर्ज अजून तिथे पडून आहे. त्यामुळे आमच्या टिपण पानावर 'मुंडकार' लिहिलं तर भाटकाराचा वकील ते उचलतो, 'अतिक्रमण' लिहिलं तर समोरचा उचलतो. मी सगळीकडे 'घराचा ताबा असलेले' असा शब्दप्रयोग ठेवला आणि तोच पुढे ठेवावा असं लिहिलं. घरपट्टीचंही तसंच. ताबेदार घरपट्टीच्या जुन्या पावत्या मालकीचा पुरावा म्हणून पुढे करतात, आणि भाटकार ती घरपट्टी रद्द करा म्हणून अर्ज देतो. घरपट्टी कर आहे, मालकीचा दस्त नाही. तिच्यावरून एवढंच सांगता येतं की अमुक वर्षी तिथे घर उभं होतं आणि पालिकेने त्याची नोंद घेतली होती. या खटल्यात मात्र तेवढंही मोलाचं आहे, कारण जुनं जोतं कधीचं याचा तो एक दाखला आहे. म्हणून घरपट्टी नोंदवहीचं ते पान छायाप्रत करून फाइलीला जोडलं.

दिवाणी न्यायालयाच्या आदेशाबद्दलची ओळ लाल शाईत लिहिली. आदेश जैसे थे आहे, पण तो दोन खाजगी पक्षांमधला आहे आणि पालिका त्यात प्रतिवादी नाही. अशा आदेशाने पालिकेचे हात बांधले जातात असंही धरू नये, आणि मोकळे आहेत असं समजून पथकही पाठवू नये. आधी पालिकेच्या वकिलाचं लेखी मत घ्यायचं. त्यासाठीचं पत्र गेलं आहे, उत्तर आलेलं नाही. असे आदेश बऱ्याचदा थेट वकिलाकडे जातात आणि टिपण पानावर त्यांचा उल्लेखच येत नाही. नवीन अधिकारी पानं उलटतो, 'नोटीसची मुदत संपली' एवढंच वाचतो आणि कारवाईचा प्रस्ताव टाकतो. अवमानाची प्रकरणं बरीचशी अशीच उभी राहतात. म्हणून फाइलीच्या पुठ्ठ्यावरच खटल्याचा सीएनआर क्रमांक ठळक लिहिला. न्यायालयाच्या संकेतस्थळावर तो घातला की पुढची तारीख दिसते, वकिलाच्या फोनची वाट पाहावी लागत नाही.

याच फाइलीत आणखी एक अडचण आहे आणि ती बदल्यांच्या दिवसांत नेहमी येते. नोटीसवरची सुनावणी मागच्या मुख्याधिकाऱ्यांपुढे झाली. टिपण पानावर शेवटची ओळ आहे, 'दोन्ही पक्षांचं म्हणणं ऐकलं, आदेशासाठी राखीव'. आतल्या खिशात आदेशाचा मसुदाही आहे, सही नसलेला. त्यांची बदली आमच्याच आदेशात झाली. मसुदा कितीही चांगला असला तरी नव्या मुख्याधिकाऱ्यांच्या सहीसाठी तो पुढे करू नये. ज्याने ऐकलं त्यानेच निर्णय द्यायचा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच स्पष्ट केलं आहे, आणि अपिलात आदेश उडवायला तेवढा एक मुद्दा पुरतो. पुन्हा नोटीस काढायची, नवी तारीख द्यायची, पूर्वीची लेखी निवेदनं दप्तरी ठेवून दोन्ही पक्षांना थोडक्यात पुन्हा ऐकायचं. यात एक-दोन आठवडे जातात. आदेश रद्द होऊन प्रकरण परत आलं तर वर्ष जातं, आणि तोवर त्या भिंतीला गिलावा झालेला असतो.

माझ्या पाहणी अहवालालाही हाच न्याय लागतो. मी पाहिलेली जागा उद्या अपिलात नव्या अधिकाऱ्याला समजावून सांगावी लागणार. कागदावरचं मोजमाप त्यांनी स्वतः न पाहता पुढे नेलं, तर पहिल्या उलटप्रश्नाला ते अडतील. त्यामुळे पदभार देण्याच्या दिवशी सह्यांच्या आधी आम्ही दोघं फीता घेऊन या घराकडे आणि आणखी दोन जागांवर गेलो. त्यांनी मोजलं, त्यांनी लिहिलं, खाली दोघांनी सही केली. जुना अहवाल न बदलता ही संयुक्त पाहणी वेगळी नोंदवली. बाकी बांधकामाच्या फाइली साध्या आहेत. त्यांना टिपणीत चार-चार ओळीच पुरल्या.

तक्रारींचं वेगळं असतं. एकच तक्रार पाच दारांतून आत येते: थेट पालिकेत, नगरसेवकामार्फत, आमदाराच्या कार्यालयातून, जिल्हाधिकाऱ्यांकडून आणि शेवटी माहिती अधिकारात. प्रत्येकीला वेगळा आवक क्रमांक पडतो. मी अशा तक्रारी एका मूळ फाइलीत बांधल्या आणि पहिल्या पानावर सगळे क्रमांक लिहिले. उत्तर मात्र प्रत्येक दाराला वेगळं द्यावं लागतं, नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालयातून स्मरणपत्रं येत राहतात.

यातली एक तक्रार दर पावसाळ्यात उगवते. खालच्या वाड्यात रस्त्यावर पाणी तुंबतं आणि विषय असतो 'गटार साफ न केल्याबाबत'. आम्ही गटार उपसतो, पाणी पुन्हा तुंबतं, तक्रारदार म्हणतो कंत्राटदाराने काम केलंच नाही. जानेवारीत पाहणी केली तर गटार कोरडं ठणठणीत असतं आणि काही कळत नाही. गटाराचं तोंड खाडीला मिळणाऱ्या नाल्यात उघडतं. पुनवेच्या आणि अमावास्येच्या आसपास मोठी भरती येते तेव्हा ते तोंडच पाण्याखाली जातं. त्या दोन-तीन तासांत जोराचा पाऊस झाला तर गटार कितीही साफ असो, पाण्याला जायला वाट नसते. ओहोटी लागली की ते आपोआप ओसरतं. म्हणून टिपणीत लिहिलं: पाणी तुंबल्याची तक्रार आली की आधी वेळ विचारा आणि मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहा. भरती उतरल्यावरही पाणी तासाभरात हललं नाही, तर मात्र अडथळा आत आहे.

तो अडथळा बहुतेक वेळा रस्त्याखालच्या मोरीत असतो. तिथल्या ह्यूम पाइपातून मागे कुणीतरी पाण्याची नळी आणि केबल आडवी नेली आहे. त्यांना प्लास्टिक अडकतं, प्लास्टिकवर गाळ बसतो. पालिकेच्या कामगारांचा हात तिथवर पोचत नाही. शिवाय वरचा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, म्हणजे मोरी साबांखाची. नाला जलस्रोत खात्याचा, गटार तेवढं आमचं. तिन्ही खात्यांना एकच पत्र लिहिलं तर तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. प्रत्येकाला त्याच्या हद्दीपुरतं वेगळं पत्र, जागेचा फोटो आणि मोरीचं अंतर लिहून पाठवलं तर उत्तर येतं. साबांखाला पत्र गेलं आहे. नळी हलवण्याचं अंदाजपत्रक त्यांच्याकडून यायचं आहे.

उपसलेल्या गाळाचाही एक मुद्दा आहे. कंत्राटदार तो काठावरच टाकतो, सुकल्यावर नेतो म्हणतो, आणि पहिला पाऊस त्याला परत नाल्यात लोटतो. बिल मंजूर करताना गाळ उचलल्याच्या फेऱ्या पाहाव्यात, नुसती उपसलेली लांबी नव्हे. २४ जूनला सांजांवचा सण असतो आणि वाड्यातली मुलं त्या नाल्यात आणि बाजूच्या सार्वजनिक बावीत उड्या मारतात. तोवर काठ मोकळा आणि पाण्यातल्या बाटल्यांच्या काचा वेचलेल्या असल्या पाहिजेत. ही तारीख टिपणीत मोठ्या अक्षरात आहे.

लोकांच्या भावनांशी निगडित गोष्टी लिहिताना मी एक नियम पाळला. ही टिपणी उद्या माहिती अधिकारात कुणी मागितली, तर ती चौकात वाचून दाखवता यावी. त्यामुळे कोण कुणाच्या बाजूचा, कुठल्या घराण्याचं कुणाशी पटत नाही, असं एक अक्षरही त्यात नाही. तारीख, जागा, वाट, वेळ आणि आधी कुणाशी बोलायचं एवढंच आहे, आणि माणसाचं नाव न लिहिता पद लिहिलं आहे. देवस्थानाच्या मानपानाचा वाद पालिकेकडे आला तर तो हाती घेऊ नये. देवस्थानांचे प्रशासक मामलेदार असतात, अर्ज तिकडे पाठवायचा. पालखीची वाट आणि त्या वाटेवरचा उघडा खड्डा मात्र आमचाच.

वाड्यावरच्या खुर्साकडे, म्हणजे क्रुसाकडे, एप्रिल-मे मध्ये लादाइनची प्रार्थना असते. नेमका तोच काळ पावसाआधी रस्ते खोदण्याचा. खोदकामाचा परवाना देताना त्या संध्याकाळी चर बुजवलेला असेल अशी अट घातली की प्रश्न मिटतो. रुंदीकरणाच्या आड येणारा खुरीस, तुळशीवृंदावन किंवा राखणदाराची घुमटी हलवण्याचं आश्वासन जागेवर उभं राहून कुणालाही देऊ नये. सार्वजनिक जागेवर नवं धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. म्हणून प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न असतो तो बांधकाम त्याआधीचं की नंतरचं हा. प्रभागातल्या अशा जागांचे तारखेसह फोटो एका पाकिटात ठेवले आहेत. पुढे कुठे नवा चौथरा उठला तर तुलना करायला ते लागतील, आणि नवा उठताना दिसला तर पहिल्याच दिवशी कळवावं. त्यावर मूर्ती किंवा खुरीस आल्यानंतर तो विषय बांधकामाचा राहत नाही.

नरकासुराच्या रात्री मोठ्या आवाजाच्या तक्रारी येतात. ध्वनिक्षेपक हा पोलिसांचा आणि उपजिल्हाधिकाऱ्यांचा विषय आहे, आमच्याकडे येतो तो पहाटे. नरकासुराच्या पुतळ्यांच्या जळालेल्या सांगाड्यांचे लोखंडी बार आणि तारा रस्त्यावर उरतात आणि सकाळी दिवाळीच्या गर्दीत दुचाकीचे टायर फुटतात. त्या दिवशी कचऱ्याची गाडी नेहमीच्या फेरीआधी फक्त या कामासाठी फिरवायची. कुठल्या नाक्यांवर नरकासुर उभे राहतात ते नकाशावर दाखवलं आहे.

चवथीच्या आधी, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या बाजाराला सत्तरी, डिचोलीकडून बायका रानफळं घेऊन येतात आणि जमिनीवर बसतात. दरवर्षीची तक्रार सोपोची, म्हणजे बाजारात बसण्याच्या शुल्काची असते: एकाच दिवशी दोनदा पैसे घेतले, पावती दिली नाही. कंत्राटदार म्हणतो, सकाळी एका जागेचे, दुपारी दुसऱ्या जागेचे घेतले. यावर उपाय एकच लागू पडला. पावतीवर तारीख आणि जागेचा क्रमांक लिहायचा, दरांचा फलक बाजाराच्या दोन्ही तोंडांवर लावायचा आणि आदल्या दिवशी जमिनीवर चुन्याने जागा आखायच्या. सोपोच्या कराराची मुदत चवथीच्या आधी संपते आहे. नव्या निविदेत ही अट घालायला सुचवलं आहे, पण प्रस्ताव लेखा विभागात आहे आणि त्याचा पाठपुरावा लागेल.

शेवटी पदभार अहवाल. पावतीपुस्तकांचा शेवटचा वापरलेला क्रमांक आणि कोऱ्या पुस्तकांची संख्या दोघांनी पाहून लिहिली, कोऱ्या पावत्यांवर आधीच केलेली एकही सही नाही हे तपासलं. मोजमाप पुस्तकात जिथे नोंद थांबली, तिथे रेघ मारून तारीख घातली. चालू गटाराच्या कामात सळ्या बांधून झाल्या आहेत, कॉंक्रीट पडायचं आहे. त्या सळ्यांचं मोजमाप नव्या अधिकाऱ्यांनी कॉंक्रीट पडण्याआधी घ्यायचं आहे, म्हणून कंत्राटदाराला तोपर्यंत काम थांबवायला लेखी कळवलं. अहवालावर मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हे लिहायला विसरू नये, कारण त्या दिवशी दुपारी निघालेल्या कागदावर कुणाची सही चालते ते त्यावरून ठरतं. टिपणीच्या तीन प्रती केल्या. एक त्यांच्याकडे, एक मुख्याधिकाऱ्यांकडे, एक आवक क्रमांक घालून दप्तरात. मुंडकार फाइलीची पुढची दिवाणी तारीख, माहिती अधिकाराची सर्वांत जवळची मुदत आणि पुढच्या महिन्यातल्या मोठ्या भरत्यांच्या तारखा वेगळ्या पानावर उतरवल्या आणि ते पान त्यांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं.